जखमी माणसाचा जबाब : त्या वेळी काम कोणतं होतं, आणि नेमकं काय झालं?



आपल्या बालाघाट जिल्ह्यात तलाव-जलाशयावर ठेकेदाराच्या हाताखाली जाळं ओढणारे, बर्फ फोडणारे, राखण करणारे आपलेच लोक आहेत. मासेमारी बंद असते तेव्हा हेच लोक राईस मिलवर जातात, खाणीच्या ठेकेदाराकडे जातात, गोंदिया-नागपूरला जातात. कामावर कोणी जखमी झाला की पहिले धावपळ दवाखान्याची होते. ते बरोबरच आहे. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक कागद लिहिला जातो, त्याचं नाव जबाब. हा कागद कोणीतरी घाईत लिहितो, जखमी माणूस सही नाहीतर अंगठा देतो, आणि दोन वर्षांनी आयुक्तांसमोर सगळा दावा त्याच कागदावर तोलला जातो.

आमचं मत असं की नुकसानभरपाईचे बरेच दावे कायद्यात नाही, या जबाबात हरतात. जबाब खोटा असतो म्हणून नाही, अर्धा असतो म्हणून. "कामावर असताना हात मशीनमध्ये गेला" एवढंच लिहिलेलं असतं. त्या वेळी त्याला कोणतं काम दिलं होतं, कोणी दिलं होतं, आणि त्या कामातूनच इजा कशी झाली, हे लिहिलेलंच नसतं.

कायदा काय विचारतो ते आधी पाहू. 1923 च्या कायद्यात मालकाची जबाबदारी दोन शब्दांवर उभी होती: इजा "नोकरीमुळे" झाली पाहिजे आणि "नोकरीच्या ओघात" झाली पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली, पण हे दोन शब्द तिथेही तसेच आहेत. "ओघात" म्हणजे वेळ, जागा आणि काम. "मुळे" म्हणजे कारण. जबाबाचे दोन भाग यातूनच पडतात. पहिला भाग त्या वेळच्या कामाचा, दुसरा भाग नेमक्या घटनेचा. दोन्ही लागतात. एक पक्का आणि दुसरा कच्चा असला तर दावा लंगडतो.

पहिला भाग किती जड आहे, ते दोन निकालांतून कळतं. पहिला निकाल पाण्याचाच आहे. पोरबंदरजवळच्या एका मिठागराचे मजूर खाडी ओलांडून कामावर जात-येत. 12 जून 1952 रोजी कामावरून परतताना नाव उलटली. हवामान खराब होतं आणि नावेत माणसं जास्त होती. काही मजूर बुडून मेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1958 साली निकाल विरुद्ध लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं होतं: ती नाव सगळ्या जनतेची होती. मजूर त्यात बसले तेव्हा ते बाकीच्या प्रवाशांसारखेच प्रवासी होते, त्या वेळी मालकाचं काम त्यांच्या अंगावर नव्हतं. मजूर मेले हे कोणी नाकारलं नाही. प्रश्न एकच होता, त्या घडीला ते नोकरीत होते की नाही.

दुसरा निकाल महाराष्ट्रातला आणि ताजा आहे. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा एक राखणदार 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवर कामाला निघाला होता. त्याची पाळी पहाटे 3 ते सकाळी 11 अशी होती. कारखाना सुमारे 5 किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि तो गेला. आयुक्तांनी घरच्यांना भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परत दिली. कारण? पहाटे 3 ला हजर व्हायचं असलेला माणूस रात्रीच्या त्या वेळी त्या रस्त्यावर कामासाठीच होता, हे वेळ, जागा आणि परिस्थिती जुळवून दिसत होतं. नव्या संहितेत तर हे लिहूनच टाकलं आहे: घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघात नोकरीतला धरायचा, पण नोकरीशी त्याचा संबंध दाखवता आला पाहिजे.

हा "पण" लक्षात ठेवा. संबंध दाखवायचा कशाने? पाळीच्या वेळेने, निघाल्याच्या वेळेने, रस्त्याने. म्हणजे जबाबात "कामावर जात होतो" एवढं पुरत नाही. "माझी पाळी 3 वाजता सुरू होते, मी अडीचला घरून निघालो, हा माझा रोजचा रस्ता" हे लागतं. आपला माणूस डोंग्यातून जाळ्यापर्यंत जात असताना पडला, तर डोंगा कोणाचा होता, कोणी बसवलं आणि कशासाठी नेत होते, हे लिहायलाच पाहिजे.

आता दुसरा भाग, नेमक्या घटनेचा. यासाठी एक जहाजाचं प्रकरण आहे. डिसेंबर 1961 मध्ये 'द्वारका' नावाच्या जहाजावरचा एक खलाशी रात्री गायब झाला. त्याची तब्येत बरी नव्हती. रात्री अडीचच्या सुमारास लोकांनी त्याला पाहिलं, झोपायला जा म्हणून सांगितलं. सकाळी सव्वासहाला तो नाही असं कळलं. मृतदेह मिळाला नाही. तो नोकरीवर होता, जहाजावरच होता, याबद्दल वाद नव्हता. तरी 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. त्याला पडताना कोणी पाहिलं नव्हतं, ती रात्र वादळी होती असा पुरावा नव्हता, कठडा साडेतीन फुटांहून उंच होता. काम आणि मृत्यू यांच्यातली कडी कोणी दाखवू शकलं नाही. न्यायालयाने हेही सांगितलं की डोळ्यांनी पाहिलेलाच पुरावा लागतो असं नाही, परिस्थितीवरून अनुमान काढता येतं. पण अनुमान काढायलाही काही गोष्टी हातात लागतात. नुसता अंदाज चालत नाही.

तो खलाशी स्वतः सांगायला उरला नव्हता. आपला जखमी माणूस मात्र जिवंत असतो, शुद्धीत असतो, तरी त्याच्या जबाबात ती कडी नसते. हे आम्हाला जास्त खटकतं.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा खऱ्या माणसाचं नाही, समजून घेण्यासाठी रचलेलं आहे. बावनथडीसारख्या जलाशयावर एक ठेकेदार मासेमारी करतो. त्याच्याकडे 40 वर्षांचा एक ढीवर बांधव महिन्याला 12,000 रुपयांवर जाळं ओढायला आहे. जानेवारीच्या पहाटे माल काठावर आला, बर्फ फोडणारा पोरगा आला नाही, म्हणून मुकादमाने याला बर्फ फोडायच्या मशीनवर उभं केलं. बर्फाची लादी अडकली, हाताने ढकलायला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

घाईतला जबाब असा येतो: "मी अमुक ठेकेदाराकडे जाळं ओढण्याचं काम करतो. सकाळी मशीनमध्ये हात गेल्यामुळे बोटं तुटली."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ठेकेदाराचा वकील काय म्हणेल? हा तर जाळं ओढणारा, मशीनपाशी गेलाच कशाला? कोणी सांगितलं होतं? उगाच हात घातला असेल. आणि झाकण यानेच काढलं असेल. या चार प्रश्नांची उत्तरं जबाबात नसली की ती नंतर तोंडी द्यावी लागतात, आणि नंतर सांगितलेलं "शिकवलेलं" वाटतं.

तोच जबाब पूर्ण लिहिला तर असा होईल:

"मी दोन वर्षांपासून या ठेकेदाराकडे मजूर आहे. माझं रोजचं काम ओढजाळ ओढणं आणि मासळी काठावर आणणं. महिन्याला 12,000 रुपये मिळतात, पैसे मुकादम हातात देतो. त्या दिवशी मी पहाटे 4 वाजता कामावर आलो. साडेपाचच्या सुमारास मासळी काठावर आली. बर्फाचं काम करणारा मुलगा आला नव्हता. मुकादमाने मला सांगितलं, 'तू मशीनवर उभा राह, बर्फ फोड, गाडी थांबली आहे.' तेव्हा तिथे दोन मजूर हजर होते, त्यांची नावं मी सांगितली आहेत. या मशीनवर मी आधी दोनदा काम केलं होतं, तेही मुकादमाच्या सांगण्यावरूनच.

मशीनच्या तोंडावर झाकण नव्हतं. मी उभा राहिलो तेव्हाच ते नव्हतं. ते कोणी आणि कधी काढलं ते मला माहीत नाही. लादी ढकलायला लाकूड दिलेलं नव्हतं. तिसरी लादी तोंडात अडकली. मशीन चालू होती. मी उजव्या हाताने लादी खाली दाबली. लादी एकदम फुटली आणि माझा हात आत गेला. हात ओला होता, हातमोजे नव्हते. मी ओरडलो, बाजूच्या मजुराने बटण बंद केलं. उजव्या हाताची अंगठ्याजवळची बोट आणि मधली बोट मुळापासून गेली. मी दारू प्यायलेलो नव्हतो. मला ठेकेदाराच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दवाखान्यात मी स्वतः सांगितलं की बर्फाच्या मशीनमध्ये हात गेला."

या जबाबात भारी शब्द एकही नाही. जुन्या कायद्याच्या कलम 10 मध्ये मालकाला द्यायच्या नोटिशीबद्दल लिहिलं होतं की इजेचं कारण साध्या भाषेत आणि अपघाताची तारीख सांगावी. कायद्यालाच साधी भाषा पाहिजे होती, कठीण भाषा आपणच घुसवतो.

आता या जबाबातल्या काही ओळी का ठेवल्या ते सांगतो.

रोजचं काम आणि त्या वेळचं काम वेगवेगळं लिहिलं, कारण अपघात बऱ्याचदा दुसऱ्याचंच काम करताना होतो. मुकादमाचं सांगणं म्हणजे मालकाचं सांगणं. ते शब्द आठवतात तसे लिहिले की जाळंवाला मशीनवर का होता, हा प्रश्नच उरत नाही.

झाकणाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. कायद्यात मालकाला सुटायला मोजक्या वाटा आहेत: माणूस दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असला आणि त्यामुळेच अपघात झाला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षणाची वस्तू त्याने जाणूनबुजून काढली. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या वाटाही बंद होतात. पण दोन बोटांच्या प्रकरणात त्या उघड्या असतात. म्हणून झाकण आधीच नव्हतं हे पहिल्याच दिवशी लिहायचं. आणि "कोणी काढलं माहीत नाही" हे खरं असेल तर तसंच लिहायचं. माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे म्हणून लिहिली की उलटतपासणीत तीच गळ्यात येते.

हाताने लादी दाबली हे लपवायचं कारण नाही. आपले लोक घाबरतात, की चूक आपली दिसली तर पैसे मिळणार नाहीत. तसं नाही. या कायद्यात साधी निष्काळजी मालकाला सोडवत नाही. घाईत हात घातला, लक्ष चुकलं, तरी दावा उभा राहतो. उलट ते लपवायला "आपोआप हात ओढला गेला" असं लिहिलं आणि साक्षीदाराने वेगळं सांगितलं, की सगळा जबाबच खोटा ठरतो.

आणि दवाखान्याची ओळ. ही आमच्या मते सगळ्यात जास्त दावे बुडवणारी जागा आहे. जखमीला घेऊन जो माणूस जातो तो पुष्कळदा ठेकेदाराचाच असतो. पोलिसांचं झंझट नको म्हणून तो डॉक्टरला सांगतो, "घरी पडला." केसपेपरवर तेच चढतं. नंतर जबाब कितीही चांगला लिहा, समोरचा वकील पहिले केसपेपर काढतो. तो कागद जबाबाच्याही आधीचा असतो, म्हणून त्याचं वजन जास्त पडतं. बोलता येत असेल तर जखमीने डॉक्टरला स्वतः सांगावं, नाहीतर सोबतच्या आपल्या माणसाने सांगावं आणि केसपेपरवर काय लिहिलं ते त्याच वेळी वाचून घ्यावं.

कामाचं वर्णन पैशावरही चढतं-उतरतं. आपल्या उदाहरणाचा हिशेब पाहा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा आकडा. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. 40 वर्षांसाठी आकडा 184.17. गुणाकार 13,26,024 रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर अनुसूचीप्रमाणे कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरतात. म्हणजे सुमारे 2,65,205 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज. आता पगार 12,000 चा 8,000 लिहिला गेला, तर हीच रक्कम 1,76,803 वर येते. पैसे हातात मिळतात, पावती नसते, म्हणून जबाबातली पगाराची ओळ आणि ती ऐकलेले सोबतचे मजूर, एवढाच सुरुवातीला पुरावा असतो.

टक्केवारीही नेहमी अनुसूचीवरच थांबते असं नाही. एका सुताराचा डावा हात 1968 साली कामावर पडल्यामुळे कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, ही अंशतः इजा. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली सांगितलं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के. दोन बोटांना शंभर टक्के मिळतील असं आम्ही म्हणत नाही. पण जाळ्याचा दोर उजव्या हाताने कसा धरतात, ओल्या दोरीवर किती ओढ येते, आणि दोन बोटांशिवाय ती पकड राहते का, हे जबाबात लिहिलं नाही तर आयुक्तांना ते कळणार कुठून? जाळं आपण ओढतो, त्यांनी ओढलेलं नसतं.

आपल्या जिल्ह्यात भाषेची एक अडचण वेगळी आहे. आपला माणूस घरी मराठी नाहीतर पोवारी बोलतो, कागद हिंदीत लिहिला जातो. "मला मुकादमाने मशीनवर उभं केलं" याचं "मैं मशीन पर खड़ा था" होतं, आणि मुकादम वाक्यातून गायब होतो. म्हणून जबाब आधी जखमीच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत उतरवावा. मग हिंदी करावी, हिंदी त्याला वाचून दाखवावी, आणि वाचून दाखवल्याचं खाली लिहून मगच सही घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा तर कधीच नाही. "सगळं मिटलं, आता काही मागणार नाही" अशा कागदावर सही घेतली असली तरी हक्क जात नाही, असा करार कायदा मानत नाही. पण तो कागद रद्द ठरवायलाही वेळ जातोच.

दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि मालकाला नोटीस मात्र लवकरात लवकर द्यायची असते. गोंदिया किंवा नागपूरला अपघात झाला तरी आपण राहतो तिथल्या आयुक्तांकडे दावा लावता येतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मच्छीमार संस्थेने जबाब उतरवायला दोन माणसं ठरवून ठेवावीत, एक लिहिणारा आणि एक सोबत बसणारा. अपघात झाल्यावर दोन दिवसांच्या आत त्यांनी जखमीकडे जावं, दोन प्रश्न विचारावेत, आणि तो जसं सांगेल तसं लिहावं. मच्छीमारांच्या अपघात विम्याचे पैसे वेगळे आणि मालकाने द्यायची भरपाई वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी सोडू नये हेही त्याच वेळी सांगावं. आणि संस्थेनेच कोणाला पगारावर ठेवलं असेल, राखणदार किंवा बर्फवाला, तर तिथे मालक आपण आहोत. तेव्हा त्याचा जबाबही आपण तितक्याच सरळपणे लिहून घेतला पाहिजे, तो आपल्या विरुद्ध जाणारा असला तरी.